मांद्र्यातल्या लेथ वर्कशॉपचं छप्पर: साधा जीआय पत्रा, रंगीत पत्रा की सिमेंट पत्रा?

लेथवाला_मांद्रे

नमस्कार मंडळी. मांद्र्याला समुद्रापासून अंदाजे सहाशे मीटरवर माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वीस बाय तीस फूट, लोखंडी कैच्या, दोन्ही बाजूंना उतरतं पाखं. मधल्या आढ्यापासून भिंतीपर्यंत दहा फुटांत दोन फूट उतार, वळचण दीड फूट बाहेर. पत्रा ज्यावर टेकतो ते आडवे पर्लिन पाच-पाच फुटांवर.

2018 साली वर साधा पन्हळी जीआय पत्रा टाकला होता. यंदा चतुर्थीच्या आधी साफसफाई करताना लेथच्या बेडवर तांबूस भुगा दिसला. वर पाहिलं तर पत्रा तसा जागेवर होता, पण वळचणीच्या बाजूला आतून स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आरपार गेला. वरून पाहिलं तर हाच पत्रा अजून बरा दिसतो! आढ्याजवळ तर चांगलाच आहे.

आता तिन्ही प्रकारचे भाव काढलेत. पत्रेवाला म्हणतो रंगीतच घाला. मिस्त्री म्हणतो सिमेंटचा घाला, खाऱ्या वाऱ्याची कटकटच नको. वडील म्हणतात जीआयच घाल, पण जाड घाल. पाऊस संपला की काम काढायचंय. कोणाचं ऐकू?

डोंगरावरचा_बाबा

वडिलांचं ऐका. पूर्वीचे जीआय पत्रे चाळीस-चाळीस वर्षं टिकायचे, आमच्या डिचोलीच्या घराच्या पडवीवर अजून आहे एक. आजकाल 0.4, 0.45 चे कागद विकतात. 0.63 चा जाड पत्रा घ्या, वर रेड ऑक्साइड मारा, झालं. सिमेंट पत्रा फुटतो आणि रंगीत म्हणजे नुसता देखावा.

पत्रेकाम_फोंडा

बाबा, अर्धं बरोबर आहे तुमचं. जाड पत्र्याला भोक पडायला जास्त वेळ लागतो हे खरं. पण गंज सुरू कधी होणार ते लोखंडाची जाडी ठरवत नाही, त्यावरचं जस्त ठरवतं. बाजारात सहज मिळणारा जीआय पत्रा बहुतेकदा 120 जीएसएमचा असतो, म्हणजे चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त. एका बाजूला ते साडेआठ मायक्रॉनसुद्धा भरत नाही. 275 चा मागितला तर एका बाजूला 19-20 मायक्रॉन मिळतात, पण तो दुकानात पडलेला नसतो, मागवावा लागतो. 0.63 चा जाड पत्रा 120 जस्ताचा घेतलात तर नुसतं जाड लोखंड गंजायला आणलंत.

आणि नव्या जीआयवर थेट रेड ऑक्साइड मारू नका. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. जस्तावर धरणारा एचिंग प्रायमर आधी लागतो, नाहीतर पत्रा एक पावसाळा उघडा राहू द्यायचा, चकाकी गेली की मग रंग.

लेथवाले भाऊ, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो स्क्रूड्रायव्हर. वरून बरा, आतून वळचणीला कुजलेला. हे असंच होतं. वरच्या बाजूचं मीठ पाऊस धुऊन नेतो. वळचणीच्या पोटाला वारा मीठ आणून लावतो आणि तिथे पाऊस कधी लागतच नाही. ते मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि पत्रा रात्रभर ओला राहतो. तेव्हा किनाऱ्याला पत्रा निवडताना पोटाची बाजू काय आहे ते आधी विचारायचं, वरचा रंग नंतर.

मायक्रॉन

मी गंजाच्याच विषयात नोकरी करतो, म्हणून एक हिशेब जोडतो. हवेचा गंजकारकपणा मोजायची जी आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे, तिच्यात खाऱ्या किनारी हवेच्या गटात जस्त वर्षाला साधारण 4 ते 8 मायक्रॉन झिजतं असं धरतात. किनाऱ्यापासून आत, मध्यम हवेत ते 0.7 ते 2 वर येतं. तुमचं साडेआठ मायक्रॉन जस्त सहाशे मीटरवर दोन वर्षांत जवळजवळ संपलं असेल, 2020 च्या आसपास. पुढची पाच वर्षं नुसतं लोखंड गंजत होतं. तौक्तेच्या वेळी, मे 2021 मध्ये, त्या वळचणीवर जस्त राहिलेलं असण्याची शक्यता कमीच.

बाबांच्या डिचोलीच्या पत्र्याचं कोडंही यातच सुटतं. समुद्र लांब, आणि त्या काळच्या पत्र्यावर जस्त भरपूर असायचं.

डोंगरावरचा_बाबा

म्हणजे पत्रा चांगला नव्हता असं नाही, मांद्रे वाईट. हरकत नाही, मान्य.

आत्या_काणकोण

मला मध्येच विचारायचंय, रागावू नका. आमच्या गोठ्यावर चार म्हशी आहेत, जुना मंगळुरी कौलांचा माळा माकडांनी पार विस्कटला. तिथे हा रंगीत पत्रा घातला तर चालेल का? पत्रेवाला म्हणतो गॅल्व्हाल्यूम आहे, कधीच गंजत नाही.

पत्रेकाम_फोंडा

आत्या, गोठ्याला तो नको. शेण-मुताचा जो अमोनिया वर जातो तो अॅल्युमिनियमच्या थराला खातो. कंपन्या वॉरंटीतून जनावरांचे गोठे बहुतेकदा वगळतात, कागद वाचून बघा. गोठ्याला सिमेंट पत्रा बरा. माकडांचं मात्र मी काही सांगू शकत नाही. एक मोठं माकड सिमेंट पत्र्यावर धाडकन उतरलं की कोपरा जातो.

आत्या_काणकोण

म्हणजे माकडांशी बोलावं लागणार.

लेथवाला_मांद्रे

धन्यवाद सगळ्यांना. मग साधा जीआय बाद धरतो. रंगीत आणि सिमेंट यांच्यात ठरवायचं तर? सिमेंटला गंज नाही हा मुद्दा मला पटतो. मिस्त्रीचं म्हणणं, आत थंडही राहतं आणि पावसाचा आवाज कमी. लेथवर काम करताना पावसात फोन ऐकू येत नाही ही माझी जुनी तक्रार आहे.

पत्रेकाम_फोंडा

मिस्त्रीचे तिन्ही मुद्दे खरे आहेत. आणखी एक सांगतो: डिसेंबर-जानेवारीत पहाटे लोखंडी पत्र्याच्या पोटाला दव धरतं आणि थेंब थेंब खाली पडतं. लेथवाल्याला हे महागात जातं, चकवर ठिपके उठतात. सिमेंट पत्रा थोडं पाणी पिऊन घेतो, त्यामुळे इतकं टपकत नाही.

पण तुमच्या छपरावर बसवायचा तर काय काय करावं लागेल ते आधी बघा.

वजन. तुमच्या मापाला पाखं सुमारे बारा फुटांचं येतं आणि लांबी दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून बत्तीस फूट. रंगीत पत्रा बारा फुटी एकसंध येतो, एका बाजूला दहा, दोन्ही मिळून वीस. 0.50 चा घेतला तर एक पत्रा सोळा किलोचा, सगळे मिळून 320 किलो. सिमेंटचा पत्रा 1.05 मीटर रुंद, 6 मिलिमीटर जाड. तो बारा फुटी मिळत नाही, म्हणून 2 मीटरचा आणि 1.75 चा असा दोन रांगांत, मध्ये पंधरा सेंटिमीटर चढ देऊन. एकूण चाळीस पत्रे, वजन हजार किलोच्या आसपास. तिप्पट. तुमच्या कैच्या पत्र्याच्या हिशेबाने केलेल्या असणार.

पर्लिन. 6 मिलिमीटरच्या सिमेंट पत्र्याला दोन पर्लिनमधलं अंतर 1.4 मीटरपेक्षा जास्त चालत नाही. तुमच्या पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर आहेत. आणि मधल्या चढाच्या खाली नेमका पर्लिन यायला हवा. म्हणजे सगळे पर्लिन कापून परत लावा.

उतार. दहाला दोन हा उतार मध्ये जोड असलेल्या पाख्याला कमी आहे. जूनमध्ये पश्चिमेचा वारा पावसाला त्या चढातून उलटा वर ढकलतो.

आता मला सांगा, वर्कशॉपच्या बाजूला माड आहेत का?

लेथवाला_मांद्रे

आहेत, दोन. पश्चिमेला. एकाच्या झावळ्या छपरावर येतात. हे लिहायला विसरलो.

पत्रेकाम_फोंडा

मग मिस्त्रीला विचारा, नारळ पडला की तो काय करणार आहे. चाळीस फुटांवरून दीड किलोचा नारळ आला की लोखंडी पत्र्याला पोचा पडतो, सिमेंट पत्र्याला भोक. आणि ते भोक नेमकं लेथच्या वर पडतं, हा माझा वीस वर्षांचा अनुभव.

मिस्त्री_पेडणे

मी मिस्त्री, पण तुमचा नव्हे! सिमेंट पत्र्याला उगाच बदनाम करू नका. नीट बसवला तर तीस वर्षं बघायला नको. लोक नीट बसवत नाहीत, ही अडचण. चार पत्रे जिथे एकत्र येतात तिथे दोन पत्र्यांचे कोपरे तिरपे कापायचे असतात. ते टाळलं तर एकावर एक चार थर येतात, पत्रा डुगडुगतो, आणि पहिल्याच उन्हाळ्यात चीर जाते. जे-बोल्ट 8 मिलिमीटरचा असेल तर भोक 10 चं पाडायचं, पन्हळीच्या माथ्यावर, आणि नट हातानेच आवळून वर फार तर एक फेरा. पाना घेऊन जोरात आवळला की भोकापासून चीर सुरू. मी स्वतः केलेली छपरं अजून आहेत.

पत्रेकाम_फोंडा

कारागिरीवर माझं काही म्हणणं नाही, कोपरे कापणारा मिस्त्री आता दिसतच नाही, तुमचं कौतुकच आहे. पण किनाऱ्याला तुमचा पत्रा तीस वर्षं राहतो आणि जे-बोल्ट सात-आठ वर्षांत जातात. मग बोल्ट बदलायला कोणीतरी वर चढतो.

मिस्त्री_पेडणे

ते मात्र खरं. बोल्ट स्टेनलेसचे घाला म्हणतो मी, गिऱ्हाईक ऐकत नाही.

आणि वर चढणाऱ्याने लक्षात ठेवा, सिमेंट पत्र्यावर कधीही थेट पाय द्यायचा नाही. फळी टाकून, पर्लिनच्या रेषेवरून. आमच्या गावात एकजण नुसता फुटबॉल काढायला चढला आणि आरपार खाली आला. हात मोडला, त्यावर निभावलं.

भाट_मोरजी

आमच्या जुन्या शेडवर 1990 च्या आसपासचे सिमेंट पत्रे आहेत, काळे पडलेत, शेवाळ धरलंय. उतरवून नवे घालायचेत. प्रेशर पंपाने धुऊन परत रंगवले तर नाही का चालणार?

मायक्रॉन

प्रेशर पंप अजिबात नको. त्या काळचा पत्रा म्हणजे जवळजवळ नक्कीच अॅस्बेस्टॉसचा. पत्रा धड आहे तोपर्यंत तंतू सिमेंटात बांधलेले असतात. जोरात धुतलात, ग्राइंडरने कापलात किंवा वरून खाली टाकून फोडलात की ते हवेत जातात. उतरवायचाच तर आधी पाणी शिंपडून ओला करा, बोल्ट कापून अख्खा खाली घ्या, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाकावर कापडी रुमाल नव्हे तर बारीक धूळ अडवणारा मास्क लावा. तुकडे वाटेवर खड्डे भरायला देऊ नका. गावोगाव तेच करतात.

लेथवाले भाऊंनाही हे लागू. भारतात अॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा आजही कायदेशीररीत्या विकला जातो, आणि बिनअॅस्बेस्टॉसचाही मिळतो. दुकानात दोघांनाही नुसतं सिमेंट पत्रा म्हणतात. घेणार असाल तर कोणता ते पत्र्यावरचा छापा बघून विचारा.

लेथवाला_मांद्रे

दोन माड आणि पर्लिन कापायचा खर्च, एवढ्यावरच सिमेंट बाद झालं. मग रंगीत. आता त्यात काय काय बघून घेऊ? दुकानात गेलो की 0.5 आहे म्हणतात आणि निळा, तांबडा, हिरवा दाखवतात.

पत्रेकाम_फोंडा

पहिला प्रश्न, रंगाच्या आत काय आहे. रंगीत पत्रा दोन प्रकारचा. एकात साधं जस्त, दुसऱ्यात अॅल्युमिनियम 55 टक्के आणि बाकी बहुतेक जस्त. तुम्हाला दुसरा हवा, त्यावर 150 ग्रॅमचा थर. तोही एका बाजूला जवळपास 20 मायक्रॉन भरतो, पण खाऱ्या हवेत साध्या जस्तापेक्षा बराच हळू झिजतो.

दुसरा, 0.50 म्हणजे नेमकं काय. दुकानदार रंग-थर धरून सांगतो. आत लोखंड 0.43 च्या आसपास उरतं, हे ठीक आहे. पण 0.45 चा पत्रा 0.50 म्हणून गळ्यात मारतात, आणि डोळ्याला कळत नाही. तराजूला कळतं. बारा फुटी पत्रा सोळा किलोच्या आसपास भरला पाहिजे. चौदा-साडेचौदा भरला तर तो 0.45 चा आहे, मग भाव बोला. मी गेल्या वर्षी एका दुकानात मासळीचा काटा नेला होता, मालक हसला, मग हसायचा थांबला.

तिसरा, पोटाचा रंग. वर 20 मायक्रॉनच्या आसपास रंग असतो, खाली 5 ते 7, तोही राखाडी नावापुरता. तुमचा जुना पत्रा पोटानेच गेलाय. म्हणून पोटालाही वरच्यासारखा पूर्ण रंग असलेला पत्रा मागवून मिळतो का ते विचारा. मिळाला नाही तर पुढची गोष्ट करा: दर दोन-तीन महिन्यांनी, पाऊस नसताना, वळचणीच्या पोटावर साध्या गोड्या पाण्याचा पाइप मारा. मीठ धुतलं की निम्मं काम झालं. यात पैसा नाही, फक्त आळस आड येतो.

वास्को_वेल्डर

आम्ही गॅल्व्हाल्यूमच घालतो सगळीकडे, काही होत नाही. कापायला ग्राइंडर, फटाफट काम. एवढं काय त्यात.

पत्रेकाम_फोंडा

एवढंच आहे त्यात. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेल्या लोखंडाचा कण. तो रंगात रुतून बसतो, आठवड्याभरात तांबडे ठिपके येतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं पत्रा खराब दिला. शिवाय चाकाने कडेचा थर जळतो. साध्या जस्ताची कड ओरखडा पडला तरी शेजारच्या लोखंडाला थोडंफार सांभाळून घेते, अॅल्युमिनियमवाल्या थरात ती ताकद कमी. म्हणून कातरीने किंवा निबलरने कापायचा. आणि कापलेली कड शक्यतो आढ्याकडे ठेवायची, कॅपखाली. कारखान्यातली कड वळचणीला. भोकं पाडून झालं की छपरावरचा चुरा त्याच संध्याकाळी झाडून काढायचा. रात्री दव पडलं की सकाळी डाग तयार.

वास्को_वेल्डर

झाडू मारतो आम्ही. कधी कधी.

मायक्रॉन

स्क्रूबद्दल कोणी बोललं नाही. वीस मायक्रॉनचा पत्रा आणि त्यात पाच मायक्रॉन जस्ताचा चकचकीत स्क्रू! किनाऱ्याला सगळ्यात आधी स्क्रूचं डोकं जातं, मग त्याच्या गंजाचं पाणी पत्र्यावर ओघळतं. पत्र्याच्या दर्जाचा, जाड थराचा स्क्रू आणि ईपीडीएम रबराचा वॉशर घ्या. स्वस्तातला वॉशर तीन उन्हाळ्यांत काचेसारखा कडक होतो.

पत्रेकाम_फोंडा

बरोबर. आणि आवळताना वॉशर जेमतेम दबला, कडेने किंचित बाहेर आला, की थांबायचं. पोरं ड्रिल मशीन पूर्ण जोरात लावतात, वॉशर फाटतो आणि पावसाळ्यात आम्हाला फोन येतो. वळचणीच्या शेवटच्या पर्लिनवर आणि दोन्ही टोकांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू द्या, मधे एकाआड एक चालेल. वारा पत्रा उचलतो तो कडेपासून.

लेथवाला_मांद्रे

आणि ते बबल फॉइल? पत्रेवाला म्हणतो पत्र्याखाली अंथरलं की उष्णता अर्धी, दवही टपकत नाही.

पत्रेकाम_फोंडा

उष्णतेला उपयोग आहे. पण किनाऱ्याला मी घालत नाही. पत्रा आणि फॉइलच्या मधे खारट ओल अडकते आणि पर्लिनवरच बसून राहते. पोट धुवायलाही मिळत नाही.

मायक्रॉन

इथे मी असहमत. फॉइल पर्लिनवर ताणून न घालता थोडं झोळ देऊन, पत्र्याखाली एक-दोन इंच पोकळी ठेवून घातलं आणि आढ्याला हवा जायला वाट ठेवली तर ओल टिकत नाही. उलट मीठ पत्र्याच्या पोटापर्यंत कमी पोचतं. वळचणीचा दीड फूट मात्र उघडा ठेवायचा.

पत्रेकाम_फोंडा

कागदावर पोकळी राहते. छपरावर पोरं ताणूनच घालतात. दहा वर्षं जुनं, तुमच्या पद्धतीने घातलेलं एक छप्पर किनाऱ्याला दाखवा, मी येऊन बघतो.

मायक्रॉन

दहा वर्षांचं नाही माझ्याकडे. चार वर्षांचं आहे, कोलव्याला. या रविवारी.

लेथवाला_मांद्रे

तुम्ही दोघं कोलव्याला जाऊन या, मी तोवर थांबतो.

काल एक जुना पत्रा काढून बघितला. खालच्या पर्लिनच्या माथ्यावर, जिथे पत्रा टेकलेला होता तिथे, पापुद्रे आलेत. बाजूने काहीच नाही, वरचीच पट्टी.

पत्रेकाम_फोंडा

तिथेच ओल बसते. नवा पत्रा घालायच्या आधी वायर ब्रशने खरवडा, हातोडीने ठोकून बघा. आवाज बद आला तर तो तुकडा बदला, खणखणीत आला तर प्रायमर आणि दोन हात रंग. नवा पत्रा गंजलेल्या पर्लिनवर टेकवू नका. आणि माल आला की बाहेर एकावर एक रचून ताडपत्रीखाली ठेवू नका, मधे पाणी शिरलं की एका आठवड्यात डाग उठतात. ज्या दिवशी लावायचा त्याच दिवशी आणा.

डोंगरावरचा_बाबा

आणि नारळ आधी उतरवा. पोचा तर पोचा, नवा पत्रा आहे.

लेथवाला_मांद्रे

पाडेलीला फोन केला. गुरुवारी येतो म्हणाला. कुठला गुरुवार ते नाही सांगितलं.